घरच्या कराओकेत आवाज ट्रॅकच्या मागे पडतोय आणि ट्रॅकमधला ठेकाही हरवलाय. जोडणीत काय तपासू?

सांजवात

नमस्कार मंडळी. घरी कराओकेची जोडणी केली आहे. सगळं सामान नवीन आहे, तरी ऐकायला बरं वाटत नाही.

सामान असं आहे: सहा चॅनलचा छोटा मिक्सर, त्यातच इको आणि रिव्हर्बचे इफेक्ट आहेत. दोन वायरलेस माइक आणि त्या दोघांचा मिळून एक रिसीव्हर. मायनस ट्रॅक लॅपटॉपवर. आवाज बाहेर काढायला चाकांवरचा मोठा पार्टी स्पीकर.

जोडणी अशी: रिसीव्हरची एक वायर मिक्सरच्या चॅनल १ मध्ये. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर चॅनल २ मध्ये, तिचं एक टोक छोटं आणि दुसरं जाड पिनचं. मिक्सरच्या आउटपुटला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावलाय, तिथून स्पीकरला बिनतारी आवाज जातो. म्हणजे खोलीत वायरींचा पसारा नाही.

त्रास तीन आहेत. पहिला, मी कितीही वेळेवर उचललं तरी माझा आवाज ट्रॅकच्या मागे पडतो. दुसरा, ट्रॅक पोकळ वाजतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर ढोलक आणि बास छान ऐकू येतात, मिक्सरमधून गेले की दूर कुठेतरी वाजल्यासारखे होतात. तिसरा, इको वाढवला की शब्द कळत नाहीत आणि कमी केला की आवाज कोरडा लागतो. सुरुवात कुठून करू?

तंत्रमंत्र

ताई, हा लेटन्सीचा प्रश्न आहे. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर आवाजाला उशीर लावतो. ASIO ड्रायव्हर टाका, बफर १२८ वर आणा, आवाज लगेच जागेवर येईल. माझ्याकडे ऑडिओ इंटरफेसवर हाच त्रास होता, बफर कमी केल्यावर गेला.

ध्वनिवेडा

तंत्रमंत्र म्हणतात तो उपाय खरा आहे, पण तो कधी लागतो ते बघा. गायकाचा आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन, सॉफ्टवेअरमधून फिरून परत बाहेर येत असेल, तेव्हा बफर महत्त्वाचा. सांजवात यांचा आवाज लॅपटॉपमध्ये जातच नाही. माइक, रिसीव्हर, मिक्सर, स्पीकर एवढाच त्याचा रस्ता आहे. लॅपटॉप फक्त ट्रॅक वाजवतो. त्याला अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाणं अर्धा सेकंद उशिरा सुरू होईल, आवाज मागे पडणार नाही.

सांजवात, एक तपासणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. मिक्सरच्या PHONES लिहिलेल्या भोकात वायरचा हेडफोन लावा आणि स्पीकर बंद ठेवा. इफेक्ट पूर्ण शून्यावर. आता माइकमध्ये "ट, ट, ट" असं तोडून म्हणा. हेडफोनमध्ये आवाज तोंडाबरोबरच येतोय की मागून, ते सांगा. मग स्पीकर चालू करून तेच पुन्हा करा.

सांजवात

केलं. हेडफोनमध्ये आवाज अगदी तोंडाबरोबर. स्पीकर लावला की प्रत्येक "ट" दोनदा ऐकू येतो, एक माझ्या तोंडातून आणि एक नंतर स्पीकरमधून. इफेक्ट शून्यावर असतानासुद्धा.

आणि ट्रॅक हेडफोनमध्येही तसाच पोकळ आहे.

ध्वनिवेडा

मग पहिल्या त्रासाचं कारण सापडलं. रिसीव्हर आणि मिक्सर निर्दोष आहेत, उशीर ब्लूटूथच्या टप्प्यावर होतोय.

साध्या ब्लूटूथवर आवाज पोहोचायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. गाणं ऐकताना ते कळत नाही, कारण सगळंच सारखं उशिरा येतं. गाताना मात्र उशीर उघडा पडतो. समजा स्पीकर २०० मिलिसेकंद मागे आहे. तुम्ही स्पीकरमधून येणारा ठेका ऐकून सम गाठता, म्हणजे आधीच उशिरा आलेल्या ट्रॅकबरोबर गाता. तो आवाज माइकमधून मिक्सरमध्ये जातो आणि स्पीकरपर्यंत यायला त्याला पुन्हा २०० मिलिसेकंद लागतात. म्हणून तुम्ही कितीही नेमकं उचललं तरी खोलीत बसलेल्यांना तुम्ही कायम तेवढ्याच मागे ऐकू येता. रियाज करून हे जाणार नाही. खोलीत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्या हिशेबाने २०० मिलिसेकंद म्हणजे स्पीकर तुमच्यापासून ६८ मीटरवर ठेवल्यासारखं आहे.

उपाय: मिक्सरच्या मेन आउटच्या डाव्या-उजव्या दोन्ही भोकांतून वायर काढून स्पीकरच्या AUX किंवा LINE IN मध्ये जोडा. स्पीकरवर MIC लिहिलेलं भोक असतं, त्यात नको. ते माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा जोरकस सिग्नल तिथे फाटतो.

ब्लूटूथचा अगदीच मोह असेल तर ते लॅपटॉप ते मिक्सर या टप्प्यावर वापरा. तिथे उशीर फक्त ट्रॅकला होतो आणि तुम्ही त्या ट्रॅकबरोबरच गाता, त्यामुळे आवाज आणि ट्रॅक जुळलेले राहतात. पडद्यावरचे शब्द थोडे आधी पुढे सरकल्यासारखे वाटतील, एवढंच.

तंत्रमंत्र

मान्य, आवाज लॅपटॉपमधून जात नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण कमी लेटन्सीचे ट्रान्समीटर मिळतात की. मग वायर कशाला?

ध्वनिवेडा

मिळतात. पण ती सोय ट्रान्समीटर आणि स्पीकर दोघांतही असावी लागते, नाहीतर जोडणी गुपचूप साध्या ब्लूटूथवर येते. पार्टी स्पीकरमध्ये ती क्वचितच असते. aptX Low Latency दोन्हीकडे असलं तरी ४० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर राहतो. बोलताना चालून जाईल, द्रुत लयीत खटकेल. स्पीकर एका जागी उभा राहणार असेल तर वायरच बरी.

अबोली

माझाही असाच प्रश्न आहे. माझ्याकडे मूळ गाणी आहेत, त्यातला गायकाचा आवाज काढून ट्रॅक बनवायचा आहे. मिक्सरवर त्यासाठी कोणतं बटण असतं? सांजवात यांचा ट्रॅक पोकळ होतोय, तसंच मला हवंय असं वाटतंय.

ध्वनिवेडा

अबोली, मिक्सरवर असं बटण सहसा नसतं आणि सांजवात यांच्याकडे ट्रॅक आधीच मायनस आहेत. पण तुमच्या प्रश्नात त्यांच्या दुसऱ्या त्रासाचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून दोन सिग्नल निघतात, डावा आणि उजवा. पिनच्या टोकावर डावा, मधल्या कड्यावर उजवा. मिक्सरचा मोनो चॅनल तीच पिन वेगळ्या नजरेने बघतो. त्याच्या लेखी टोक आणि कडं मिळून एकच बॅलन्स्ड सिग्नल असतो आणि तो टोकावरच्या सिग्नलमधून कड्यावरचा वजा करतो. लांब वायरीत शिरलेली खरखर दोन्हीकडे सारखी असते, ती वजाबाकीत मरावी म्हणून ही सोय. आता तिथे गाण्याचा डावा आणि उजवा भाग आला की डाव्यातून उजवा वजा होतो. जे दोन्ही बाजूंना सारखं आहे ते नाहीसं होतं. ध्वनिमुद्रणात बास, ढोलकाची थाप आणि मुख्य गायक बहुतेक वेळा मधोमध ठेवलेले असतात, म्हणून नेमके तेच जातात. उरतात बाजूला पसरलेली व्हायोलिन आणि घुमार.

मूळ गाण्यातून गायक काढण्याची जुनी पद्धत हीच. आणि तिच्यात गायकाबरोबर बासही का जातो तेही यातून दिसतं. अबोली, या पद्धतीने ट्रॅक मिळेल, पण अंगाने रोडका मिळेल, शिवाय गायकाचा घुमार मागे राहीलच.

सांजवात, खात्री अशी करा: विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट डिव्हाइसचा डावा १०० आणि उजवा ० करा. वजा करायला काही उरलं नाही की बास आणि ढोलक परत येतील. आले, तर वायर बदलायची.

सांजवात

आले! उजवा शून्य केल्याबरोबर ढोलक एकदम पुढे आला. इतके दिवस ट्रॅकची प्रतच खराब आहे असं वाटत होतं.

मग वायर कोणती घेऊ? चॅनल २ लाच लावायची का?

ध्वनिवेडा

एका टोकाला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिमीच्या दोन मोनो पिना अशी वाय केबल. मोनो पिनेवर एकच काळी रेघ असते, स्टिरिओवर दोन, एवढं बघून घ्या. तुमच्या मिक्सरवर ३/४ किंवा ५/६ अशी जोडीने लिहिलेली स्टिरिओ चॅनल असतील. एक पिन L मध्ये, दुसरी R मध्ये. मग लॅपटॉपचा डावा-उजवा पुन्हा सारखा करायला विसरू नका.

लॅपटॉपचा व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि बाकीचं मिक्सरवर करा. लॅपटॉप २० टक्क्यांवर ठेवून मिक्सरचा गेन ओढला की लॅपटॉपची सूंऽऽ पण मोठी होते.

तिसरीघंटा

माझ्याकडे ही केबल बरोबर आहे. तरी लॅपटॉपचा चार्जर लावला की गुंऽऽ असा आवाज येतो, चार्जर काढला की शांत. स्पीकर बदलून पाहिला, फरक नाही.

ध्वनिवेडा

तुम्ही अर्धं निदान केलंच आहे. चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या वाटांनी विजेच्या अर्थिंगला जोडले जातात आणि ऑडिओच्या वायरमुळे त्या दोन वाटांचं कडं पूर्ण होतं. त्या कड्यात फिरणारा प्रवाह तुम्हाला ऐकू येतो. आधी लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मधे ऑडिओ आयसोलेटर लावा, त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो पण विजेची वाट तुटते. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे.

सांजवात

स्पीकर वायरवर घेतला, लॅपटॉप ५/६ वर नेला. आवाज आता ट्रॅकबरोबर आहे आणि ठेकाही भरीव झालाय. घरातले सगळे लगेच फरक ओळखू शकले.

आता इको. मिक्सरवर १ ते १६ असे प्रोग्रॅम आहेत, त्यात ECHO, DELAY, HALL, VOCAL अशी नावं. प्रत्येक चॅनलवर FX नावाची एक घुंडी, उजवीकडे FX नावाचाच एक मोठा फेडर आणि एक TAP बटण आहे. रिसीव्हरवरही ECHO अशी वेगळी घुंडी आहे.

ध्वनिवेडा

आधी रिसीव्हरवरचा इको पूर्ण शून्य करा. दोन ठिकाणी इको असला की रिसीव्हरच्या प्रत्येक पडसादाला मिक्सर पुन्हा पडसाद लावतो आणि शब्द चिखलात जातात. तुमचा तिसरा त्रास निम्मा तिथेच असेल. पार्टी स्पीकरवरही इकोची घुंडी असते, ती शक्यतो त्याच्या माइकपुरतीच असते, तरी शून्यावर ठेवा.

मग लॅपटॉपच्या चॅनलची FX घुंडी शून्यावर. ट्रॅकमध्ये जो घुमार हवा तो बनवणाऱ्याने आधीच घातलेला असतो. ढोलकाला इको लागला की लय धूसर होते आणि गायकाला सम सापडत नाही.

आता फक्त माइकच्या चॅनलची FX घुंडी मध्यावर आणा आणि उजवीकडचा मोठा फेडर खालून हळूहळू वर घ्या. एक ओळ गा, थांबा. तुम्ही थांबल्यावर मागे किती ऐकू येतंय ते ऐका, गात असताना नव्हे. गाताना स्वतःच्या आवाजाखाली इको झाकला जातो, म्हणून माणूस तो वाढवत राहतो आणि समोरच्यांना शब्द कळेनासे होतात. ओळीच्या शेवटच्या अक्षराचे दोन-तीन पडसाद विरत जावेत आणि पुढची ओळ सुरू होण्याआधी जागा मोकळी व्हावी, एवढंच हवं.

राहिलं पडसादांमधलं अंतर. तिथे TAP कामाला येतं. गाण्याचे ठोके १५ सेकंद मोजा आणि चाराने गुणा. समजा २४ ठोके आले, तर मिनिटाला ९६. ६०,००० ला ९६ ने भागलं की एका ठोक्याला ६२५ मिलिसेकंद. पूर्ण ठोक्याचा पडसाद बहुधा पुढच्या शब्दावर येऊन पडतो, म्हणून निम्मा घ्या, ३१२ च्या आसपास. आकडा दिसत नसेल तर TAP ठोक्याच्या दुप्पट वेगाने चार वेळा दाबा. मग पडसाद ठेक्याच्या अधेमधे बसतो आणि वेगळा उठून दिसत नाही. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्याला हाच हिशेब २५० मिलिसेकंद देतो. विलंबित गाण्यात, समजा ७० ठोके असतील तर निम्मा ४२८ होतो, तो मला लांब वाटतो. मी तिथे पाव ठोका घेतो, २१४.

कोमलगंधार

मला हे लयीशी जुळवणं पटत नाही. पडसाद ठेक्याशी अगदी जुळला की तो ठेक्यातच लपतो, मग गायकाला आधार कसला मिळणार? शिवाय भावगीतात गायक थोडा मागेपुढे गातो, तिथे मिनिटाला ९६ चा हिशेब टिकत नाही. मी गेली काही वर्षं घरी इको लावतच नाही. HALL किंवा PLATE रिव्हर्ब, दीड-दोन सेकंदांचा, अगदी हलका. शब्द स्वच्छ राहतात, आणि इको जास्त असला की सूर हलला तरी स्वतःला कळत नाही. शिकणाऱ्याने तर इकोपासून लांबच राहावं.

ध्वनिवेडा

शिकणाऱ्याबद्दल तुमच्याशी सहमत आहे. रियाजाला मीही कोरडाच आवाज ठेवतो. पण पडद्या-सोफ्याच्या लहान खोलीत रिव्हर्ब मला पुरत नाही. रिव्हर्ब सतत भरलेला राहतो, म्हणून दोन ओळींमधल्या जागाही भरतात. इको थांबून थांबून येतो, शब्दांच्या मधे मोकळा राहतो. ठेका ठळक असलेल्या गाण्यात तर इकोच बरा. मोकळ्या लयीच्या भावगीतात तुमची पद्धत करून पाहावी, हे खरं.

सांजवात

दोन्ही करून पाहिले. ठेक्याच्या गाण्याला निम्म्या ठोक्याचा इको खूपच छान बसला. माझं आवडतं संथ गाणं मात्र कोमलगंधार यांच्या HALL वर जास्त बरं वाटलं. दोन प्रोग्रॅम क्रमांक कागदावर लिहून मिक्सरला चिकटवलेत.

अजून एक. आता आवाज वाढवला की मधूनच शिट्टी येते, विशेषतः धाकटा गातो तेव्हाच. मी गाते तेव्हा नाही.

ध्वनिवेडा

तो माइक कसा धरतो ते बघा. जाळीभोवती मूठ आवळत असेल तर कारण तेच. या माइकच्या जाळीत मागच्या बाजूला भोकं असतात, मागून येणारा आवाज तिथून शिरून आतल्या आत रद्द होतो, म्हणून माइक फक्त समोरचं ऐकतो. ती भोकं झाकली की माइक सगळीकडून ऐकू लागतो, स्पीकरचंही. मूठ दांड्यावर धरायला सांगा. बरेचदा अँटेना तळाशी असते, म्हणून मूठ मधोमध असावी, अगदी खालीही नको. स्पीकर गायकाच्या पुढे ठेवा, म्हणजे माइकची पाठ स्पीकरकडे राहील. आणि चॅनलवर LOW CUT बटण असेल तर दाबा, १०० हर्ट्झच्या आसपासची घरघर जाते, गाणाऱ्या आवाजाचं फारसं काही जात नाही.

तंत्रमंत्र

मिक्सरला यूएसबी असेल तर लॅपटॉप त्यानेच जोडला तर? वायही नको आणि रेकॉर्डिंगही होईल.

ध्वनिवेडा

चांगला पर्याय आहे, आणि इथे तुमचा आधीचा अनुभव उपयोगी पडेल. फक्त रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद हवं, तसंच विंडोजमध्ये Listen to this device वर खूण नको. नाहीतर मिक्सरचा आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन पुन्हा मिक्सरमध्ये येतो आणि फिरत राहतो. तेव्हा मात्र बफरएवढा उशीर दुहेरी आवाजाच्या रूपात ऐकू येईल.

सांजवात

धाकटा खरंच जाळी धरत होता. मूठ खाली घेतल्यावर शिट्टी गेली.

एकच गोष्ट राहिली. दुसऱ्या क्रमांकाचा माइक अधूनमधून क्षणभर गप्प होतो. बॅटरी नवीन घातल्या, माइकची अदलाबदल केली, तरी क्रमांक दोनचाच गप्प होतो. रिसीव्हर टीव्हीच्या कपाटात, वाय-फाय राउटरच्या शेजारी आहे.

तिसरीघंटा

राउटरच. माझ्याकडेही तसंच होतं.

ध्वनिवेडा

माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालत असतील तर राउटरवर संशय घ्यायला जागा आहे, तो पट्टा दोघांचा एकच. यूएचएफ असतील तर राउटरपेक्षा कपाट किंवा त्या क्रमांकाच्या फ्रिक्वेन्सीवरचं दुसरं काहीतरी जास्त शक्य आहे. दोन्ही माइक सारखे गप्प होत नाहीत, म्हणून मला फ्रिक्वेन्सीकडे बोट दाखवावंसं वाटतं, पण इथून खात्रीने सांगता येणार नाही. रिसीव्हर कपाटाबाहेर, राउटरपासून दोन मीटर दूर ठेवून एक संध्याकाळ गा. तरी झालं तर रिसीव्हरवरचा बँड किंवा फ्रिक्वेन्सी काय लिहिली आहे ते इथे टाका.

सांजवात

ठेवते बाहेर. मागच्या बाजूला लिहिलेलं वाचून उद्या इथे देते.